मोजली तर सेहेचाळीसच

सात महिन्यांच्या त्या मुलाच्या रक्तातली पहिली पेशी मोजली तेव्हा आकडा आला ४६. आमच्या तंत्रज्ञ मुलीनं दुसरी मोजली, तिसरी मोजली, मग उठून ट्यूबवरचा नंबर नोंदवहीशी ताडून पाहिला. अर्जावर ‘डाऊन सिंड्रोम’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मात्र तुमच्या-माझ्या पेशीत असतात तितकीच. डाऊनच्या मुलात ४७ मोजायची डोळ्यांना इतकी सवय असते की ४६ दिसले की पहिला संशय ट्यूब बदलल्याचा येतो.

ट्यूब बदललेली नव्हती. (ओळख पटू नये म्हणून दोन-तीन कुटुंबांच्या फायलींतले तपशील मी इथे एकत्र केले आहेत. गुणसूत्रांचं गणित तेवढं जसंच्या तसं आहे.)

आई २६ वर्षांची. या मुलाआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा आठव्या-नवव्या आठवड्यात गर्भपात झाला होता. ‘होतं असं पहिल्यांदा’ म्हणून कुणी त्यात फार डोकं घातलं नाही. तिसऱ्या वेळी मूल झालं. अंग सैल, डोळ्यांच्या कडा वर गेलेल्या, एका तळहातावर एकच आडवी रेघ. बालरोगतज्ज्ञांना पाहताक्षणी शंका आली. ज्या मोठ्या रुग्णालयात बाळाला हलवलं तिथे दुसऱ्याच दिवशी जलद तपासणीसाठी रक्त गेलं आणि तीन दिवसांत अहवाल आला: २१ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या तीन प्रती. निदान पक्कं झालं. आईवडिलांना सांगण्यात आलं की हा योगायोग आहे, तुमचं वय कमी आहे, पुढच्या खेपेला शंभरात एक इतकीच शक्यता. कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली मोजून-ओळखून मांडायची तपासणी, झालाच नाही. निदान हातात असताना आणखी एका चाचणीचे पैसे कशाला घालवायचे, असा विचार झाला असावा.

‘शंभरात एक’ हा आकडा खोटा नव्हता. तो दुसऱ्या एका जोडप्याचा होता.

ती जलद तपासणी, मग ती फिश असो की क्यूएफ-पीसीआर, एवढंच मोजते की २१ क्रमांकाचा मजकूर पेशीत किती वेळा आहे. तीन वेळा आहे म्हटल्यावर डाऊन सिंड्रोमचं निदान बरोबरच ठरतं. पण ती तिसरी प्रत पेशीत सुटी फिरते आहे की दुसऱ्या कुठल्या गुणसूत्राला चिकटली आहे, हे त्यातून कळत नाही. मुलाच्या तब्येतीच्या दृष्टीनं दोन्हींत फरक नाही; हृदय, थायरॉईड, कान यांची देखरेख तशीच करायची. फरक पडतो तो त्याच्या आईला, वडिलांना, मामाला, मावशीला. सात महिन्यांनी लसीकरणाला गेले असताना त्यांच्या गावच्या डॉक्टरांनी फाइल चाळत विचारलं, “याचा कॅरिओटाइप कुठाय?” आणि ते आमच्याकडे आले.

कॅरिओटाइपला हिरव्या टोपणाच्या, म्हणजे हेपारिनच्या ट्यूबमध्ये रक्त लागतं, कारण पेशी जिवंत राहायला हव्यात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एरवी विभागत नाहीत. त्यांना घेवड्याच्या बियांतून काढलेलं एक प्रथिन देऊन चेतवतात आणि ३७ अंशांवर ७२ तास वाढवतात. मग कोल्सेमिड घालून ऐन विभाजनाच्या मध्यावर पेशी थांबवायच्या, पातळ क्षारद्रावणात फुगवायच्या, मिथेनॉल-ॲसिटिक आम्लात पक्क्या करायच्या आणि काचपट्टीवर थेंब टाकायचा. फुगलेली पेशी फुटते आणि गुणसूत्रं पसरतात. पुढे ट्रिप्सिनचा क्षणभर हात आणि जिम्साचा रंग दिला की प्रत्येक गुणसूत्रावर काळे-फिके पट्टे उमटतात. ट्रिप्सिन कमी पडलं तर सगळं एकसारखं काळं दिसतं, जास्त झालं तर गुणसूत्रं फुलून कापसासारखी होतात. पट्टे नीट नसतील तर नुसती मोजणी हाताशी उरते, आणि या मुलाच्या बाबतीत नुसत्या मोजणीनं काय केलं असतं ते वर आलंच आहे.

पट्टे चांगले आले होते. २१ क्रमांकाची दोन सुटी, बुटकी गुणसूत्रं जागच्या जागी होती. १४ क्रमांकाचं मात्र एकच. आणि त्याच्या शेजारी एक अनोळखी गुणसूत्र. त्याची लांब बाजू पट्ट्यापट्ट्यानं १४ शी जुळत होती, आणि सेंट्रोमिअरच्या, म्हणजे गुणसूत्राच्या दोन भुजा जिथे मिळतात त्या जागेच्या, दुसऱ्या अंगाला, जिथे १४ ला एरवी नाव घेण्यासारखी भुजाच नसते, तिथे २१ ची अख्खी लांब भुजा, तिच्या त्या ठळक काळ्या पट्ट्यासकट. अहवाल असा गेला:

`46,XY,der(14;21)(q10;q10),+21`

हे वाचताना नवे डॉक्टर हमखास अडखळतात. वर ४६ आणि शेवटी `+21`, हे कसं? जोडलेलं गुणसूत्र एक १४ आणि एक २१ यांची जागा घेतं असं धरलं, तर सुटं २१ एकच उरायला हवं होतं. या मुलात सुटी दोन आहेत. तो जास्तीचा म्हणजे `+21`. लांब भुजा मोजा: १४ च्या दोन, २१ च्या तीन. मूठभर कमी-जास्त नाही, नेमकी एक जास्त.

हे कसं झालं ते सांगण्याआधी नेहमीची ट्रायसोमी, म्हणजे एका गुणसूत्राच्या तीन सुट्या प्रती, कशी होते ते पाहायला हवं, कारण डाऊनच्या सुमारे ९५ टक्के मुलांत तीच असते आणि पुस्तकातलं चित्रही तिचंच असतं. बीजांड तयार होताना आईच्या पेशीतली २१ ची जोडी आधी एकमेकींना बिलगते. दोघींमध्ये तुकड्यांची देवाणघेवाण होते, आणि ती देवाणघेवाणीची गाठच दोघींना एकत्र धरून ठेवते. मग पहिल्या विभाजनात गाठ सुटते आणि एक या टोकाला, एक त्या टोकाला जाते. ती सुटली नाही, किंवा मुळात नीट पडलीच नव्हती म्हणून दोघी भरकटल्या, तर दोन्ही एकाच बाजूला जातात. यालाच अवियोजन म्हणतात. गंमत अशी की मुलीच्या बीजांडांत ही गाठ पडते ती मुलगी स्वतः आईच्या पोटात असताना. त्यानंतर बीजांड त्याच अवस्थेत थांबतं, ते थेट पाळीच्या त्या महिन्यापर्यंत, म्हणजे वीस-पंचवीस-चाळीस वर्षं. गुणसूत्रांना बांधून ठेवणारी कोहेसिन नावाची प्रथिनं इतक्या काळात झिजतात. म्हणून पंचविशीतल्या आईला हजारात एकाहूनही कमी असलेली शक्यता चाळिशीत शंभरात एकाच्या आसपास जाते, आणि म्हणूनच सुट्या २१ च्या दहातल्या नऊ वेळा जास्तीची प्रत आईकडून आलेली असते. तरुण आईला असं मूल झालं तर पुढच्या वेळी साधारण एक टक्का, हा त्या रुग्णालयानं सांगितलेला आकडा इथला आहे.

आमच्या मुलातलं १४-२१ हे जोडकाम मात्र अवियोजनानं होत नाही. हे दोन प्रकार एकाच दमात सांगितले जातात आणि तिथेच घोळ होतो. अवियोजन म्हणजे अख्ख्या गुणसूत्रांच्या वाटपातली चूक. त्यात काही तुटत नाही. स्थानांतरणात, म्हणजे एका गुणसूत्राचा भाग दुसऱ्याला जोडला जातो तेव्हा, आधी मोडतोड होते. १३, १४, १५, २१ आणि २२ या पाच गुणसूत्रांच्या आखूड भुजांवर एकसारखा पुनरावृत्त मजकूर आहे आणि रायबोसोमसाठी लागणारी जनुकं आहेत. पेशीत ही पाचही मंडळी केंद्रिकेभोवती एकमेकांना खेटून बसलेली असतात. कधीतरी दोघांच्या आखूड भुजा तुटतात आणि दोन लांब भुजा एकमेकींना जोडल्या जातात. आखूड भुजा हरवतात, पण तोच मजकूर उरलेल्या आठ ठिकाणी असल्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही. रॉबर्टसन यांनी हे १९१६ मध्ये टोळांच्या गुणसूत्रांत पाहिलं, म्हणून नाव रॉबर्टसोनियन. साधारण हजारात एक माणूस असं जोडगुणसूत्र घेऊन आयुष्यभर ठणठणीत असतो.

माणसात गुणसूत्रं ४६ असतात हे १९५६ मध्ये त्यियो आणि लेवान यांनी दाखवलं. १९५९ मध्ये पॅरिसमध्ये गोतिए, लज्यून आणि त्युर्पें यांनी डाऊनच्या मुलांत ४७ मोजली, आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये पोलानी आणि सहकाऱ्यांनी डाऊन असूनही ४६ च गुणसूत्रं असलेली मुलगी नोंदवली. आमच्या तंत्रज्ञ मुलीला ट्यूब तपासावीशी वाटली. १९६० मध्ये पट्टे उमटवायची पद्धतही नव्हती आणि त्या मंडळींनी नुसत्या आकारावरून जोडगुणसूत्र ओळखलं. मला हे दरवेळी नवल वाटतं.

मुलात जोडगुणसूत्र सापडलं की आईवडिलांचं रक्त घ्यायचंच. अर्ध्याहून अधिक वेळा दोघांचाही कॅरिओटाइप साधा निघतो, म्हणजे जोडकाम त्या एकाच बीजपेशीच्या वेळी नव्यानं झालेलं असतं आणि पुढची शक्यता अगदी थोडी. या घरात वडिलांचा `46,XY` आला. आईचा आला:

`45,XX,der(14;21)(q10;q10)`

४५. एक सुटं १४, एक सुटं २१, आणि जोडगुणसूत्र. लांब भुजा मोजा: १४ च्या दोन, २१ च्या दोन. हिशेब पुरा आहे, म्हणून ‘संतुलित’. तिच्या अंगात कमी-जास्त काहीच नाही. ज्या तपासण्या फक्त मजकुराचं प्रमाण मोजतात, त्यांत मायक्रोॲरेही आला, त्यांना ही बाई शंभर टक्के साधी दिसेल.

अहवाल द्यायला दोघांना बोलावलं, तर सासूबाईही आल्या. माझ्या टेबलाच्या खणात लोकरीचे तुकडे असतात: निळे लांब म्हणजे १४, लाल आखूड म्हणजे २१. एक निळा आणि एक लाल गाठ मारून जोडलेला. मी तिच्यापुढे तीन वस्तू ठेवल्या. सुटा निळा, सुटा लाल, आणि गाठीचा.

“ताई, बीजांडात यातलं अर्धं जायला हवं. म्हणजे एक निळा आणि एक लाल. आता या तिघांचे दोन वाटे करून दाखवा.”

तिनं आधी सुटे दोन एकीकडे आणि गाठीचा दुसरीकडे ठेवला. दोन्ही वाटे बरोबर: पहिल्यातून अगदी साधं मूल, दुसऱ्यातून तिच्यासारखं ४५ चं, ठणठणीत. मग तिनं गाठीचा उचलून लाल तुकड्याशेजारी ठेवला आणि तशीच थांबली.

“मॅडम, असं झालंय ना याचं?”

तसंच झालं होतं. गाठीतला लाल, सुटा लाल, आणि वडिलांकडून आलेला तिसरा. त्याच वाटपाच्या दुसऱ्या अंगाला नुसता निळा उरतो. त्यातून २१ ची एकच प्रत असलेला गर्भ होतो आणि तो टिकत नाही. तिसरा मार्ग म्हणजे गाठीचा आणि निळा एकत्र, लाल एकटा: एकीकडे १४ ची ट्रायसोमी, दुसरीकडे १४ ची एकच प्रत. दोन्ही गर्भ पडतात, एकच प्रतवाले बहुधा दिवस राहिल्याचं कळायच्याही आधी. आधीचे दोन गर्भपात यांतलेच का, असं तिनं विचारलं. असू शकतात, एवढंच मी म्हणाले. तेव्हाचा नमुना कुणी तपासला नव्हता, आणि साध्या जोडप्यांतही इतके गर्भपात होतात.

या वाटपालाही काही जण अवियोजन म्हणतात. शब्दावरून भांडण्यात अर्थ नाही, पण कारण वेगळं आहे हे धरून ठेवायला हवं. साध्या ट्रायसोमीत दोघांना दोन टोकांना जायचं असतं आणि झिजलेल्या बंधांमुळे ते चुकतं. इथे तिघं एकमेकांत गुंतलेले असतात आणि टोकं दोनच. कुणीतरी दोघं एकत्र जाणारच. म्हणून इथे आईचं वय फारसं मोजत नाही. विशीतही धोका तोच.

धोका किती? सहा प्रकारच्या बीजांडांपैकी मूल जन्माला येऊ शकतं ती तीन, त्यांतलं एक डाऊनचं, म्हणून तेहतीस टक्के, असं पुष्कळ जण कागदावर मांडून मोकळे होतात. तसं घडत नाही. ते तिघं गुंततात तेव्हा बहुतेक वेळा जोडगुणसूत्र एका टोकाकडे आणि दोन्ही सुटी दुसऱ्या टोकाकडे तोंड करून बसतात, म्हणजे बरोबर वाटपाला मुळातच झुकतं माप असतं. शिवाय ट्रायसोमीचे बरेच गर्भ वाटेतच गळतात. प्रत्यक्षात वाहक आईला दहा ते पंधरा टक्के. वाहक वडील असतील तर एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. एका प्रकारात मात्र हिशेब निष्ठुर आहे: जोडगुणसूत्र दोन २१ चंच असेल तर जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाला डाऊन असणार, कारण साधं बीजांड बनायला सुटं २१ शिल्लकच नसतं. म्हणून २१ कुणाशी जोडलं आहे हे पट्ट्यांवरून ठरवल्याशिवाय मी तोंडातून आकडा काढत नाही.

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. “म्हणजे हिच्याकडून आलं,” त्या म्हणाल्या. हे वाक्य कधी ना कधी येतंच. मी त्यांना खरं तेच सांगितलं: हजारात एकाच्या अंगात हे असतं, तुमच्या-माझ्याही असू शकतं, आपण कुठं मोजलंय? समजूत पटली की नाही माहीत नाही. पण पुढच्या वेळी येताना त्या नातवाला घेऊन आल्या आणि टेबलावरची लोकर त्याच्या हातात दिली.

मग सुनेच्या माहेरची रक्तं आली. जोडगुणसूत्र तिच्या वडिलांकडून आलं होतं. त्यांना तीन मुलं, तिन्ही धडधाकट, घरात कधी काही नाही. वाहक पुरुषाच्या बाबतीत हे अगदी अपेक्षित. धाकटी बहीणही ४५ ची निघाली, भाऊ ४६ चा. बहिणीचं लग्न ठरत होतं. तिला सांगायचं की नाही यावर घरात आठवडाभर खल चालला. माझं मत मी लपवलं नाही: अहवाल तिचा आहे, तो आधी तिच्या हातात पडला पाहिजे, पुढे कुणाला सांगायचं ते ती ठरवेल.

वर्षभरानं आमच्या बाईंना दिवस राहिले. प्रयोगशाळेत गर्भधारणा करून रोपणाआधी भ्रूण तपासायचा मार्ग मी सांगितला होता; खर्च ऐकून त्यांनी तो बाजूला ठेवला. आईच्या रक्तावरची एनआयपीटी कुणीतरी सुचवली. दहा-पंधरा टक्के धोका असलेल्या घरात मी तिच्यावर थांबत नाही. ती चाळणी आहे, निदान नव्हे. सोळाव्या आठवड्यात गर्भजल काढलं, पीसीपीएनडीटी कायद्याचे अर्ज भरून. तिसऱ्या दिवशी क्यूएफ-पीसीआर आलं: २१ च्या दोनच प्रती. त्यांनी फोनवर सुटकेचा श्वास घेतला तो मला ऐकू आला. पण वाढवलेल्या पेशींचा कॅरिओटाइप यायला आणखी दीड-दोन आठवडे होते.

ती काचपट्टीही त्याच मुलीनं मोजली. मान वर न करता म्हणाली, “मॅडम, पंचेचाळीस.” या वेळी नोंदवही बघायला कुणी उठलं नाही. जोडगुणसूत्र एक, सुटं १४ एक, सुटं २१ एक. बाळ आईसारखंच.

एक गोष्ट राहिली होती. गर्भ सुरुवातीला १४ च्या ट्रायसोमीचा असेल आणि नंतर एक प्रत टाकून सावरला असेल, तर कधीकधी उरलेल्या दोन्ही प्रती एकाच पालकाच्या निघतात. मोजणी आणि पट्टे दोन्ही बरोबर दिसतात, तरी मूल आजारी असतं, कारण १४ वरची काही जनुकं आईकडून आली की वडिलांकडून यावर चालायची की नाही ते ठरवतात. शक्यता एक टक्क्याहून कमी. पण आईत १४ गुंतलेलं असताना ही तपासणी न करता अहवाल बंद करणं मला पटत नाही. तिघांचे डीएनए नमुने लावले. सुटं १४ वडिलांचं, जोडातलं आईचं.

तेव्हा अहवाल सही करून पाठवला. लिंग कळेल असा मजकूर त्यात कायद्यानं लिहिता येत नाही, म्हणून स्वल्पविरामानंतरची ती दोन अक्षरं गाळून: ४५ गुणसूत्रं, १४-२१ चं संतुलित जोडगुणसूत्र, आईकडून आलेलं. खाली एक ओळ हातानं लिहिली, की हे मूल मोठं होऊन स्वतःचं कुटुंब वाढवायच्या वयाला येईल तेव्हा हा कागद त्याला द्यावा.